लग्नातल्या ग्रे लेन्स, आणि आता उजवा डोळा उघडत नाहीये

कृष्णाकाठ | सोमवार, संध्या. 6:40

काल धाकट्या बहिणीचं लग्न झालं. मेकअपवालीच्या पॅकेजमध्ये नवरीबरोबर करवलीचाही मेकअप होता. "ताई, तुम्हालाही ग्रे लेन्स घालू का, फोटोत डोळे उठून दिसतात," असं ती म्हणाली. मला चष्मा नाही, आयुष्यात कधी लेन्स घातलेली नाही. हौसेने हो म्हटलं. पहाटे साडेपाचला तिनेच घातल्या. दुपारी होमाच्या धुरात डोळे चुरचुरले, पण तिथे सगळ्यांचेच चुरचुरत होते.

रात्री अकराला काढायला बसले. डावी निघाली, उजवी काही केल्या निघेना. आरशासमोर पंधरा-वीस मिनिटं चिमटीत धरायचा प्रयत्न केला. शेवटी वहिनीने मोबाइलचा टॉर्च मारला, तर लेन्स गालावर मेकअपला चिकटलेली! म्हणजे किती वेळ कोण जाणे, मी नुसत्या डोळ्यालाच चिमटे घेत होते.

आज सकाळपासून उजवा डोळा लाल आहे, घळघळा पाणी येतंय, ट्यूबलाइटकडे बघवत नाही. आत खडा गेल्यासारखं वाटतं. सासूबाई म्हणतात डोळे आलेत. मेडिकलवाल्याने थेंब दिले, दोनदा घातले, लाली जरा कमी झाल्यासारखी वाटते. दुखणं मात्र तसंच. उद्या घरी सत्यनारायण आहे, पाहुणे आहेत. परवा डॉक्टरांकडे गेलं तर चालेल ना?

अप्पा_बेळगावकर | सोमवार, संध्या. 6:58

डोळे आले असतील तर चार दिवसांत आपोआप जातात. आमच्याकडे गुलाबपाण्यात कापूस भिजवून ठेवतात. थंड वाटतं. मधाचं बोट फिरवलं तरी उतार पडतो.

झिरो_नंबर | सोमवार, संध्या. 7:05

मी गेली चार वर्षं कलर लेन्स वापरते, काही होत नाही. या झिरो पॉवरच्या असतात, डोळ्यावर त्यांचा काही परिणाम नसतो, म्हणून तर चिठ्ठी लागत नाही. धुराने झालं असणार. सलाइनने डोळा धू आणि झोप काढ.

चष्मेवाला_पुणे | सोमवार, संध्या. 7:12

कृष्णाकाठ, परवा नाही, आजच जा. रात्री उशीर झाला तरी चालेल.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डोळे तपासून चष्मा-लेन्स देतो, औषध लिहून देणारा डॉक्टर नाही. पण एकाच डोळ्याला, लेन्स काढल्यावर, उजेड सहन होत नाही इतकं दुखणं, ही डोळे आल्याची गोष्ट नव्हे. डोळे येतात तेव्हा चिकट घाण येते, खाज येते, बहुतेक वेळा एकातून दुसऱ्यात जातं आणि पापणी पुसली की नजर आधीसारखी असते. तू आत्ता एक कर. डावा डोळा झाक आणि उजव्याने भिंतीवरचं कॅलेंडर वाचून बघ. तारखा धूसर दिसल्या तर बाब बुबुळाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची आहे.

मेडिकलवाल्याच्या थेंबांचं नाव काय? नावापुढे डी किंवा डीएम असं काही आहे का? बाटलीवर बारीक अक्षरात डेक्सामिथासोन लिहिलंय का ते बघ. असेल तर पुढचा थेंब टाकू नकोस. ते स्टेरॉइड आहे. त्याने लाली उतरते, म्हणून बरं वाटतं, पण आत जंतू असतील तर त्यांना मोकळं रान मिळतं.

डोळ्यावर पट्टी बांधू नकोस, चोळू नकोस. दोन्ही लेन्स आणि डबी आहेत तशा, न धुता, बरोबर ने. अप्पा, मध आणि गुलाबपाणी कृपया आज नको. दोन्ही निर्जंतुक नसतात.

कृष्णाकाठ | सोमवार, संध्या. 7:31

नावापुढे डी आहे. आणि मागे तेच लिहिलंय, डेक्सा. कॅलेंडरवर वार दिसतात, तारखा नाही दिसत. डाव्याने सगळं स्पष्ट दिसतंय. निघालेच. दीर गाडी काढतायत.

नाटकवेडा | सोमवार, रात्री 8:20

ताईंचं काय झालं ते कळवा. कॉलेजच्या एकांकिकेत मी भुताच्या भूमिकेसाठी पांढऱ्या लेन्स घातल्या होत्या. पाचही प्रयोगांना त्याच, आणि त्या आमच्या ग्रुपमधल्या तिघांनी आळीपाळीने वापरल्या. आता हे वाचून घाम फुटला. तेव्हा काही झालं नाही म्हणजे सुटलो का? आणि लेन्स घातली होती म्हणून आता लॅसिक करता येणार नाही असं कोणी म्हणालं, खरं का?

जर्सीतली_मेघा | सोमवार, रात्री 9:02

इकडे अमेरिकेत हॅलोविनच्या आधी दर वर्षी हेच चालतं. ब्यूटी सप्लायच्या दुकानात, गॅस स्टेशनवर मांजराच्या डोळ्यांच्या लेन्स टांगलेल्या असतात. खरं तर 2005 मध्ये कायदा झाला, तेव्हापासून नंबर असो वा नसो, कुठलीही कॉन्टॅक्ट लेन्स चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे. माझ्या लेकीने मागच्या वर्षी हट्ट केला तेव्हा आम्ही रीतसर तपासणी करून घेतली. नंबर शून्य, तरी चिठ्ठीवर वक्रता, व्यास आणि कंपनीचं नाव लिहून दिलं. मला तेव्हा वाटलं, पैसे काढायचे धंदे.

झिरो_नंबर | सोमवार, रात्री 9:15

शून्य नंबरची कसली वक्रता मोजायची? माप नंबरचं असतं ना.

चष्मेवाला_पुणे | सोमवार, रात्री 9:48

झिरो, बांगडीला नंबर असतो का गं? चष्म्यासारखा नाही. पण दोन-चार, दोन-सहा हे माप असतंच. दोन-सहाच्या हाताला दोन-चार चढवली की साबण लावूनही निघत नाही आणि मनगट सोलतं. मोठी घातली तर काम करताना हातभर फिरते. लेन्सचं तसंच आहे. पॉवर वेगळी, माप वेगळं.

बुबुळाचा घुमट प्रत्येकाचा वेगळा असतो. कोणाचा जरा उंच, कोणाचा पसरट. आपल्याकडे बिननंबरी रंगीत लेन्स बहुतेक एकाच मापाच्या येतात. पाकिटावर बीसी 8.6 म्हणजे वक्रता आणि डीआयए 14.2 म्हणजे व्यास, असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते पुष्कळ लोकांना बसतं, म्हणून "मला काही होत नाही" म्हणणारेही पुष्कळ. बसतंय की नाही हे मात्र घालणाऱ्याला कळत नाही. लेन्स घालून वीस-तीस मिनिटं बसवायचं, मग स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, पापणी मिटवायला लावून बघायचं. दर मिटणीला लेन्स अगदी किंचित, अर्ध्या मिलिमीटरच्या आत हलली पाहिजे. हललीच नाही तर ती घट्ट. गंमत अशी की घट्ट लेन्स पहिले काही तास सैल लेन्सपेक्षा छान वाटते, कारण ती टोचत नाही. पण तिच्याखालचे अश्रू अडकतात, बदलत नाहीत. दिवसभराचा मळ, मेलेल्या पेशी, बोटाचे जंतू, सगळं तिथेच साठतं.

दुसरं, बुबुळाला रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू हवेतून, अश्रूंतून मिळतो. रंगाचा थर असलेली जाड, जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची लेन्स बारा-सोळा तास ठेवली की ते गुदमरतं आणि थोडं सुजतं. रात्री दिव्यांभोवती कडी दिसायला लागली की समजावं. सुजलेल्या बुबुळाची वरची साल सैल होते. त्यात लेन्स कोरडी पडलेली असली तर काढताना ती सालीसकट निघते.

नाटकवेडा, तेव्हा काही झालं नसेल तर त्या लेन्समुळे आता काही होणार नाही. पण दुसऱ्याच्या डोळ्यातली लेन्स आपल्या डोळ्यात म्हणजे दुसऱ्याचा टूथब्रश, तोही बुबुळावर. लॅसिकला अडचण नाही. लेन्स वापरणाऱ्याला मोजमापाआधी काही दिवस त्या बंद ठेवायला सांगतात, एवढंच.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री 11:35

परत आलो. एका हाताने टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

डॉक्टरांनी आधी बधिर करणारा थेंब टाकला. दहा सेकंदांत दुखणं गायब! मी म्हटलं हेच द्या ना घरी. त्या हसल्या आणि म्हणाल्या, हे घरी दिलं तर बुबुळ भरून येत नाही, उलट विरघळतं, आणि तुम्हाला कळणारही नाही. मग केशरी पट्टी डोळ्याला लावली आणि निळा उजेड टाकला. दिरांनी स्क्रीनवर पाहिलं, ते म्हणाले हिरवी रेघ चमकत होती. मधोमध एक लांब ओरखडा, त्याला दोन छोटे फाटे. माझीच नखं. पण त्या ओरखड्यापेक्षा त्यांना खालच्या कडेला, घड्याळात पाच वाजतात तिथे, एक बारीक पांढुरका ठिपका दिसला. दीड मिलिमीटरचा. त्या म्हणाल्या, ओरखडा दोन-तीन दिवसांत भरेल, मला काळजी याची आहे.

ठिपक्यावरून सुईसारख्या पात्याने खरवडून काचेवर घेतलं. लेन्स आणि डबी पण ठेवून घेतली. अँटिबायोटिकचे थेंब दर तासाला, रात्रीही गजर लावून, दोन दिवस. आणि बाहुली मोठी करणारे दुसरे थेंब, दुखणं कमी व्हावं म्हणून. नजर उजव्याची 6/18, म्हणजे इतरांना अठरा मीटरवरून दिसतं ते मला सहावरून. डीवाली बाटली त्यांनी माझ्यासमोर कचऱ्यात टाकली. उद्या सकाळी परत बोलावलंय. सत्यनारायण जाऊबाई बघतील.

अप्पा_बेळगावकर | मंगळवार, सकाळी 6:10

बरं झालं गेलीस पोरी. माझ्या आत्याच्या डोळ्यात फूल, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग, पडलं होतं. लहानपणी उसाचं पातं लागलेलं. आम्ही समजायचो वयाने पडतं. मध मागे घेतो.

मांडवी | मंगळवार, सकाळी 8:44

मडगावहून. माझ्या भाच्याची गोष्ट सांगते, कारण तिथेही सगळे डोळे आले म्हणत होते. तो पुण्यात होस्टेलला होता. कार्निव्हलला निळ्या लेन्स घेतल्या आणि मग आवडल्या म्हणून रोज घालायला लागला. रात्री सोल्यूशन संपलं की नळाच्या पाण्यात ठेवायचा. लेन्स घालूनच आंघोळ. मग डोळा दुखायला लागला, पण एवढा की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं, आणि बघणाऱ्याला डोळा नुसता लालसर. पहिल्या डॉक्टरांनी हर्पिसचा विषाणू समजून दोन महिने तसे उपचार केले. मग मोठ्या ठिकाणी तपासणीत अकँथअमीबा निघाला. पाण्यात असतो. त्यावरचे थेंब बाजारात तयार मिळत नव्हते, बनवून द्यायचे. सात महिने चालले. आता त्या डोळ्याला 6/60 दिसतं, बुबुळ बदलायच्या यादीत नाव आहे. वय एकवीस.

झिरो_नंबर | मंगळवार, सकाळी 9:20

बापरे. पण मी नळाचं पाणी नाही वापरत, सलाइन वापरते. बाटलीवर निर्जंतुक लिहिलेलं असतं.

चष्मेवाला_पुणे | मंगळवार, दुपारी 1:30

सलाइन स्वतः निर्जंतुक असतं, दुसऱ्याला निर्जंतुक करत नाही. ते खंगाळायला ठीक. लेन्स रात्रभर ठेवायला जंतू मारणारं सोल्यूशनच लागतं, आणि तेही आधी तळहातावर बोटाने चोळून. जंतू लेन्सवर चिकट साय धरतात, ती चोळल्याशिवाय सुटत नाही. कालच्या उरलेल्यात नवं थोडं ओतायचं, ही काटकसर तर अजिबात नको. डबी रोज ओतून, सोल्यूशनने धुऊन, उपडी वाळत घालायची आणि तीन महिन्यांनी फेकायची. माझ्याकडे येणाऱ्या कलर लेन्सवाल्यांपैकी डबी वर्षानुवर्षं तीच असणारे कितीतरी.

मांडवी म्हणतात ते अगदी महत्त्वाचं आहे. बघणाऱ्याला डोळा नुसता लालसर आणि दुखतं मात्र भलतंच, हे त्या अमीबाचं लक्षण. उलट कृष्णाकाठसारखं एका दिवसात पांढरा ठिपका येणं हे बहुतेक जिवाणूंचं काम. त्यातला स्युडोमोनास नावाचा सगळ्यात दांडगा. तो ओल्या डबीत मजेत राहतो आणि बिघडलं तर एक-दोन दिवसांत बुबुळ पोखरतो. म्हणून मी "आजच" म्हणून मागे लागलो होतो.

रंगभूषा_सातारा | मंगळवार, रात्री 10:05

मी ब्रायडल मेकअप करते, नऊ वर्षं झाली. इथे सगळे आमच्याच नावाने बोटं मोडणार, म्हणून लिहिते. लेन्स आम्ही लादत नाही. मुली मोबाइलवर फोटो घेऊन येतात, "असेच डोळे पाहिजेत". नाही म्हटलं तर दुसरीकडे जातात. मी हात सॅनिटायझरने पुसून घालते, दर नवरीला नवी जोडी. पण खरं सांगते, सगळ्या असं करत नाहीत. महागातली जोडी असेल तर सोल्यूशनमध्ये धुऊन पुढच्या लग्नाला नेणाऱ्या मला माहीत आहेत. आणि करवल्यांना घालतात त्या बहुतेक ट्रायलच्याच असतात.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री 10:21

माझी नवी होती का मला माहीत नाही. डबीतून काढलेली पाहिली, सीलबंद बाटली फोडलेली नाही पाहिली. आता आठवतंय.

चष्मेवाला_पुणे | मंगळवार, रात्री 10:50

रंगभूषाताई, मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. सॅनिटायझर मात्र सोडा. त्यातलं अल्कोहोल लेन्सला लागून डोळ्यात जातं, तेही बुबुळ भाजतं. साधा साबण, क्रीमवाला नको, आणि दोरे न सुटणाऱ्या कापडाने हात कोरडे. लेन्स मेकअपच्या आधी घालायची, म्हणजे पावडर आणि हेअरस्प्रे तिच्यावर बसणार नाही, आणि रात्री मेकअप पुसायच्या आधी काढायची. होम असेल तर धुराच्या वेळी लेन्स नसलेलीच बरी, पण ते तुमच्या हातात नसतं हेही कळतं मला.

काढायला नवरी एकटी असते, रात्रीचे बारा, हाताला मेंदी, नखं वाढवलेली, आणि लेन्स तिने आयुष्यात पहिल्यांदा घातलेली. घालायला तुम्ही असता, काढायला कोणी नाही. माझ्या मते सगळा घोळ इथे होतो.

लेन्स सुकली असेल तर ओढायची नाही. लेन्सवर चालणारे ओलावा देणारे थेंब दोन-तीन टाकून पाच-दहा मिनिटं पापण्या मिटत बसायचं, सलाइनही चालतं. मग वर बघायचं, बोटाच्या पेराने लेन्स खाली पांढऱ्या भागावर सरकवायची आणि तिथे नखं न लावता चिमटीत घ्यायची. बुबुळावर चिमटी कधीच नाही. आणि चिमटी घेण्याआधी लेन्स डोळ्यात आहे का ते बघा. रंगीत लेन्सचा हा एक फायदा, दुसऱ्या माणसाने टॉर्च मारून दोन्ही डोळ्यांचा रंग ताडला की लगेच कळतं. ती डोळ्याच्या मागे मेंदूकडे जात नाही, वाटेत पडदा आहे. सापडत नसेल तर पापणीखाली दुमडलेली असेल किंवा गालावर असेल.

नाटकवेडा | बुधवार, सकाळी 11:15

कायद्याचं कोणी सांगेल का? मेघाताईंकडे 2005 पासून आहे, आपल्याकडे काहीच नाही ना?

चष्मेवाला_पुणे | बुधवार, दुपारी 2:40

अगदीच नाही असं नाही. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली, त्यात लेन्सही. बाहेरून आलेल्या बाटलीवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत असलीच पाहिजे. नुसतं एखाद्या मुलीचं चित्र आणि परकी अक्षरं असतील तर घेऊ नका. पण परवाना असला म्हणजे ती तुमच्या डोळ्याला बसते असं नाही.

जर्सीतली_मेघा | बुधवार, रात्री 8:30

चिठ्ठीने एवढा फरक पडतो का पण? लेन्स तर तीच असते.

चष्मेवाला_पुणे | बुधवार, रात्री 9:10

2011 मध्ये फ्रान्समधला एक अभ्यास छापून आला. बुबुळाचा जंतुसंसर्ग झालेले आणि न झालेले लेन्सवाले त्यात ताडून पाहिले होते. नंबरच्या लेन्स वापरणाऱ्यांपेक्षा नुसत्या शोभेच्या लेन्स वापरणाऱ्यांना धोका सोळापटींहून जास्त निघाला. त्यात लेन्सचा दोष किती आणि कोणी शिकवलंच नाही याचा किती, हे वेगळं करणं कठीण. मला विचाराल तर दुसरा भाग मोठा. नंबरवाला माणूस आमच्यासमोर बसून तीन वेळा घालून-काढून दाखवतो, मगच घरी नेतो.

कृष्णाकाठ | शुक्रवार, दुपारी 12:05

ओरखडा बुधवारीच भरला. ठिपका वाढला नाही, कडा पुसट व्हायला लागल्यात. थेंब आता दोन तासांनी, रात्री सुट्टी. चार रात्री नीट झोप नव्हती, काल झोपले.

रिपोर्ट आला. डबीत स्युडोमोनास वाढला. बुबुळावरून खरवडलेल्यात काहीच वाढलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, नमुना एवढासा होता आणि आधी मेडिकलच्या थेंबांतलं अँटिबायोटिक गेलेलं होतं, त्यामुळे असं होतं. औषध लागू पडतंय ना, मग तेच चालू ठेवायचं.

मेकअपवालीला फोन केला. ती म्हणते लेन्स नवीनच होती, तुम्ही काढताना नखं लावलीत. नखं लावली हे खरंच आहे. पण डबी तिचीच होती. आता कोणाचं काय म्हणायचं?

झिरो_नंबर | शुक्रवार, दुपारी 12:40

मी काल कापसाची काडी सलाइनमध्ये बुडवून माझ्या लेन्सवर दोन्ही बाजूंनी घासली. आतल्या बाजूने काडी तपकिरी झाली. नव्या घेतलेल्या लेन्सवर पण तेच. याचा अर्थ काय?

चष्मेवाला_पुणे | शुक्रवार, दुपारी 3:20

झिरो, म्हणजे रंग प्लास्टिकच्या दोन थरांच्या मध्ये कोंडलेला नाही, वर छापलेला आहे, आणि तोही बुबुळाकडच्या बाजूने. छपाईचा भाग खडबडीत असतो. बुबुळाला घासतो आणि जंतूंना धरून बसायला जागा देतो. त्या लेन्स टाकून दे. पण उलट समजू नकोस, काडी कोरी राहिली म्हणजे लेन्स चांगली असं ठरत नाही. रंग पक्का असून माप चुकलेलं असू शकतं. चार वर्षांत डोळा कधी दाखवला आहेस का?

कृष्णाकाठ, डबीतला जंतू तिच्याकडून आला, की गालावरच्या लेन्सबरोबर तुझ्या हातून गेला, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. ओरखड्याने दार उघडलं असावं. ओरखड्याशिवाय स्युडोमोनासला सहसा आत शिरता येत नाही. ठिपका बाहुलीपासून लांब आहे हे तुझं नशीब.

रंगभूषा_सातारा | शुक्रवार, रात्री 9:55

डबी नवीन द्यायला पाहिजे होती. ती वीस-तीस रुपयांची गोष्ट आहे. नखांचं म्हणाल तर काढून दाखवायला नको का तिने? मी पण दाखवत नाही, तेही लिहून टाकते. चष्मेवाले दादा, समजा मी नवरीला लग्नाआधी पंधरा दिवस तुमच्यासारख्यांकडे पाठवलं, तर नुसती शून्य नंबरची लेन्स बसवून देतात का? का हाकलून देतात? इथे एका दुकानात विचारलं तर म्हणाला, नंबर नसेल तर तपासायचं काय.

चष्मेवाला_पुणे | शनिवार, सकाळी 10:10

तो म्हणाला ते चूक, पण असं म्हणणारे आहेत, कबूल. लेन्स बसवणारा ऑप्टोमेट्रिस्ट शोधा, नुसता फ्रेम विकणारा नको. स्लिट लॅम्प आहे का एवढं फोनवर विचारा. नसेल तर तो बघणार कशाने? आणि लग्नापुरती हवी असेल तर एकदा घालून फेकायची, रोजची रंगीत लेन्स मागा. रंग कमी मिळतात, पण डबीच लागत नाही.

कृष्णाकाठ | लग्नानंतर दोन आठवड्यांनी, रविवार, सकाळी 9:30

काल शेवटचं दाखवून आले. नजर 6/6, शेवटच्या ओळीतलं एक अक्षर चुकलं. पाच वाजताच्या जागी बारीक धुरकट खूण राहिली आहे. अप्पा म्हणाले ते फूल, पण तिळाएवढंही नाही. आरशात मला दिसत नाही, स्लिट लॅम्पवर दिसते. ती जाणार नाही म्हणाल्या, पुसट होईल थोडी.

फोटोंचा अल्बम आला. ग्रे लेन्स चार फोटोंत दिसते, बाकी सगळीकडे मी डोळे बारीक करून बघतेय.

बहिणीच्या पण त्याच पेटीतल्या होत्या. ती नवऱ्याबरोबर बंगलोरला गेली, तिला काही झालं नाही. तिथे रिसेप्शनला परत घालणार म्हणते, तिच्याकडे अजून ठेवलेल्या आहेत.

मांडवी | रविवार, सकाळी 9:41

कशात ठेवल्यात?

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी 9:58

फोन केला. त्याच दिवशीच्या डबीत, त्याच पाण्यात. टाकायला लावल्या.